किती घरांना विचारायचे? पाहणीच्या नमुन्याचे गणित

एका नगरपालिकेला शहरातील किती टक्के घरांत ओला आणि सुका कचरा वेगळा केला जातो हे जाणून घ्यायचे आहे. शहरात ४०,००० घरे आहेत. प्रत्येक घरी जाणे शक्य नाही, म्हणून काही घरे निवडून पाहणी करायची आहे. उत्तर खऱ्या टक्केवारीपासून ३ टक्केबिंदूंपेक्षा अधिक ढळू नये आणि त्याची खात्री ९५ टक्के असावी, अशी अट आहे. तर किमान किती घरे निवडावी लागतील?

संख्याशास्त्राच्या पुस्तकात, प्रश्नपत्रिकेत आणि पाहणीच्या नियोजनात हा प्रश्न सारखा भेटतो. अनेकदा तो पानाच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या रूपात हाती येतो, आणि तेव्हा गणिताला हात घालण्याआधी वाचनाकडे लक्ष द्यावे लागते. फोटोत दशांशचिन्ह पुसट झाले, तर ०.०३ चे ०.३ होते. पानाची खालची ओळ कापली गेली, तर ‘आधीच्या पाहणीत हे प्रमाण २० टक्के आढळले होते’ अशी महत्त्वाची माहितीच नाहीशी होते. म्हणून प्रश्नातून चार गोष्टी आधी वेगळ्या काढाव्यात. पहिली, विचारले आहे ते प्रमाण की सरासरी. दुसरी, चुकीची मर्यादा. तिसरी, विश्वासपातळी. चौथी, प्रमाणाचा काही पूर्वअंदाज दिला आहे का. वरच्या प्रश्नात प्रमाण विचारले आहे, मर्यादा ३ टक्केबिंदू आहे, विश्वासपातळी ९५ टक्के आहे आणि पूर्वअंदाज दिलेला नाही.

मर्यादा वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘३ टक्केबिंदूंच्या आत’ याचा अर्थ दोन्ही बाजूंना ३, म्हणजे अंदाजाच्या पट्ट्याची एकूण रुंदी ६. काही प्रश्नांत मात्र रुंदीच दिलेली असते. तिथे आधी तिची निम्मी करावी लागते. ६ ही रुंदी चुकून मर्यादा म्हणून धरली, तर उत्तर खऱ्या उत्तराच्या सुमारे एक चतुर्थांश येते.

चूक कुठून येते

समजा, शहरातील नेमकी निम्मी घरे कचरा वेगळा करतात. चिठ्ठ्या टाकून १०० घरे निवडली, तर त्यांत नेमकी ५० तशी निघतीलच असे नाही. कधी ४६ निघतील, कधी ५३, क्वचित ४१. कोणती घरे निवडीत आली या योगायोगामुळे हा चढउतार होतो. घरे यादृच्छिक पद्धतीने निवडली असतील, म्हणजे प्रत्येक घराला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी असेल, तर या चढउताराचा आवाका आधीच मोजता येतो. त्याला प्रमाण त्रुटी म्हणतात. खरे प्रमाण p आणि नमुन्यातील घरे n असतील, तर ही त्रुटी p × (१ − p) ला n ने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. p निम्मे आणि n शंभर असेल, तर ती ०.०५, म्हणजे ५ टक्केबिंदू येते.

मोठ्या नमुन्यात हे चढउतार घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरतात. त्या वक्राचा मधला ९५ टक्के भाग दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण त्रुटींच्या आत बसतो. म्हणून ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ हा आकडा वापरतात, आणि सूत्रात तो z या अक्षराने लिहितात. ९० टक्क्यांसाठी z १.६४५ असतो, ९९ टक्क्यांसाठी २.५७६.

‘९५ टक्के खात्री’ याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तीच पाहणी त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी अंदाजाभोवती ३ टक्केबिंदूंचा पट्टा आखला, तर दर शंभरांपैकी सुमारे ९५ पट्ट्यांत खरे प्रमाण सापडेल आणि सुमारे ५ पट्टे त्याला चुकवतील. एका पाहणीत आपला पट्टा कोणत्या गटातला, हे सांगता येत नाही. ती खात्री पद्धतीची असते.

सूत्र आणि उत्तर

चुकीची मर्यादा म्हणजे z पट प्रमाण त्रुटी. मर्यादेला E म्हटले आणि समीकरण उलटे फिरवून n एका बाजूला आणला, की नियोजनाचे सूत्र मिळते:

n = z² × p × (१ − p) ÷ E²

यात z आणि E प्रश्नातून मिळतात. p मात्र ठाऊक नाही, कारण तेच शोधण्यासाठी तर पाहणी आहे. इथे p × (१ − p) या गुणाकाराचा एक गुण कामाला येतो. p ०.१ असेल तर गुणाकार ०.०९ येतो, ०.२ ला ०.१६, ०.३ ला ०.२१, ०.४ ला ०.२४ आणि ०.५ ला ०.२५. त्यापुढे तो पुन्हा उतरू लागतो. म्हणजे ०.२५ च्या वर तो कधीच जात नाही. म्हणून पूर्वअंदाज नसेल, तर p ०.५ धरतात. प्रत्यक्ष प्रमाण काहीही निघाले, तरी या हिशोबाने काढलेला नमुना कमी पडत नाही.

आता आकडे घालू. १.९६ चा वर्ग ३.८४१६. त्याला ०.२५ ने गुणले की ०.९६०४. ०.०३ चा वर्ग ०.०००९.

n = ०.९६०४ ÷ ०.०००९ = १०६७.११

उत्तर १०६८ घरे. इथे अपूर्णांक अर्ध्यापेक्षा कमी आहे म्हणून १०६७ लिहिणे चूक ठरेल. १०६७ घरांत मर्यादा ३ टक्केबिंदूंच्या किंचित वर राहते आणि अट मोडते. नमुन्याच्या आकाराच्या गणितात अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडे नेतात.

या सूत्रात होणाऱ्या नेहमीच्या चुका उत्तरावरूनच ओळखू येतात. ०.०३ ऐवजी ३ घातले, तर उत्तर ०.१ च्या आसपास, म्हणजे एक घर येते. फोटोतील शून्य सुटून ०.३ वाचले गेले, तर ११ घरे येतात. E चा वर्ग करायचा राहिला, तर ३३ येतात. या तिन्ही उत्तरांचा फोलपणा सहज दिसतो. z चा वर्ग करायचा राहिला, तर मात्र ५४५ येतात. हा आकडा दिसायला अगदी पटण्यासारखा असतो, त्यामुळे ही चूक पकडणे अवघड जाते. त्यावर सोपी पडताळणी आहे. ९५ टक्के पातळी आणि p निम्मे असेल, तर मर्यादा साधारण १ भागिले n चे वर्गमूळ इतकी असते. १०६८ चे वर्गमूळ सुमारे ३२.७ आणि १ भागिले ३२.७ म्हणजे सुमारे ०.०३. उत्तर जुळते. ५४५ चे वर्गमूळ सुमारे २३.३, त्यावरून मर्यादा ०.०४३ येते. ती जुळत नाही.

प्रश्नात प्रमाणाऐवजी सरासरी विचारली असेल, तर सूत्र बदलते. एका घरातून दिवसाला सरासरी किती किलो कचरा निघतो, हे ०.१ किलोच्या मर्यादेत काढायचे असेल, तर कचऱ्याचे वजन घराघरांत किती बदलते, म्हणजे त्याचे प्रमाण विचलन किती, हे लागते. ते ०.८ किलो असेल, तर १.९६ गुणिले ०.८ भागिले ०.१ म्हणजे १५.६८, आणि त्याचा वर्ग २४५.८६. उत्तर २४६ घरे. प्रमाणाच्या प्रश्नात ०.५ धरून वेळ भागवता येते. सरासरीच्या प्रश्नात तशी सोय नाही. प्रमाण विचलन जुन्या पाहणीतून किंवा छोट्या प्राथमिक पाहणीतून मिळवावेच लागते.

पूर्वअंदाज मिळाला तर

आता समजा, फोटोत कापली गेलेली ओळ सापडली आणि तीत आधीच्या पाहणीतील प्रमाण २० टक्के दिले आहे. मग ०.२५ च्या जागी ०.१६ येते आणि उत्तर ६८२.९५, म्हणजे ६८३ घरे होते. जवळजवळ ४०० घरांची पाहणी वाचते. एका ओळीने उत्तर इतके बदलते, म्हणून प्रश्न पूर्ण वाचणे महत्त्वाचे.

प्रत्यक्ष नियोजनात मात्र ही बचत जपून घ्यावी लागते. मधल्या काळात जनजागृती होऊन खरे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले असेल, तर ६८३ घरांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा ३ ऐवजी सुमारे ३.७ टक्केबिंदू होते. जुना अंदाज अलीकडचा आणि भरवशाचा नसेल, तर ०.५ कडे सरकणारा आकडा धरणे बरे.

प्रमाण फारच लहान असेल, तर अडचण वेगळी असते. घरच्या घरी खत करणारी घरे ४ टक्केच असतील, तर ३ टक्केबिंदूंची मर्यादा म्हणजे १ ते ७ टक्क्यांचा पट्टा. त्यावरून कोणताही निर्णय घेता येणार नाही. इथे मर्यादाच आधी लहान ठरवावी लागते.

अचूकतेची किंमत

सूत्रात E चा वर्ग छेदात आहे आणि पाहणीचा खर्च मुख्यतः त्यावर ठरतो. ९५ टक्के पातळीला आणि p निम्मे धरून ५ टक्केबिंदूंसाठी ३८५ घरे लागतात, ३ साठी १०६८, २ साठी २४०१ आणि १ साठी ९६०४. मर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. ३ वरून १ वर यायचे तर नऊपट. म्हणून मर्यादा ठरवताना आधी विचारायचे ते असे: या उत्तरावरून काय ठरवले जाणार आहे? ३१ टक्के आणि ३३ टक्के या दोन उत्तरांनी नगरपालिकेचा निर्णय बदलणार नसेल, तर १ टक्केबिंदूच्या मर्यादेवर खर्च करणे व्यर्थ आहे.

विश्वासपातळीचाही असाच परिणाम होतो, पण सौम्य. मर्यादा ३ टक्केबिंदूच ठेवून पातळी ९० टक्के केली, तर ७५२ घरे पुरतात. ९९ टक्के केली, तर १८४४ लागतात.

शहराच्या आकाराचा परिणाम

वरच्या सूत्रात ४०,००० हा आकडा कुठेही आला नाही. मोठ्या शहराला मोठा नमुना हवा, असे सहज वाटते, म्हणून अनेकांना हे खटकते. पण चढउतार मुख्यतः निवडलेल्या घरांच्या संख्येवर अवलंबून असतो, न निवडलेल्या घरांवर जवळजवळ नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा हलवलेला असेल तर. मग पातेले लहान असो की मोठे, शिते तितकीच पुरतात.

नमुना समष्टीचा मोठा हिस्सा होऊ लागला की मात्र शहराच्या आकाराचा थोडा परिणाम दिसतो. त्यासाठी एक दुरुस्ती आहे. सूत्रातून आलेला आकडा n₀ आणि एकूण घरे N असतील, तर

n = n₀ ÷ (१ + (n₀ − १) ÷ N)

४०,००० घरांसाठी यातून १०४० येते. म्हणजे फक्त २८ घरे कमी. शहरात ४० लाख घरे असती, तर १०६७. पण गावात २,००० च घरे असतील, तर ६९७ पुरतात, कारण तिथे नमुनाच गावाचा तिसरा हिस्सा होतो. नमुना समष्टीच्या ५ टक्क्यांहून कमी असेल, तर ही दुरुस्ती सहसा करत नाहीत. पुस्तकी प्रश्नात एकूण संख्या दिली असेल, तर दुरुस्ती अपेक्षित आहे का ते प्रश्नाच्या शब्दांवरून पाहावे.

कागदावरून रस्त्यावर

१०६८ हे उत्तर तीन गोष्टी गृहीत धरते. उत्तर संपूर्ण शहरासाठी एकच हवे आहे, घरे संपूर्ण शहराच्या यादीतून एकेक करून सुटी निवडली आहेत, आणि निवडलेल्या प्रत्येक घरातून उत्तर मिळाले आहे. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी क्वचितच जमतात.

पहिली गोष्ट प्रभागांची. शहरात ८ प्रभाग असतील आणि १०६८ घरे त्यांत सारखी वाटली, तर प्रत्येक प्रभागाच्या वाट्याला १३३-१३४ घरे येतात. एकेका प्रभागाच्या आकड्याची मर्यादा मग सुमारे ८.५ टक्केबिंदू होते. एका प्रभागात ३४ टक्के आणि शेजारच्यात ३० टक्के आले, म्हणून पहिला पुढे आहे असे म्हणता येत नाही. प्रत्येक प्रभागासाठी ३ टक्केबिंदू हवे असतील, तर प्रत्येक प्रभागासाठी हजारभर घरांचा वेगळा नमुना लागतो. हे पाहणी सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट निवडीची. शहरभर विखुरलेली घरे शोधण्यात वेळ जातो, म्हणून आधी काही गल्ल्या निवडून प्रत्येक गल्लीतील १० घरे घेतली जातात. याला समूह नमुना म्हणतात. पण एकाच गल्लीतील घरांना एकच घंटागाडी येते आणि त्यांच्या सवयी सारख्या असतात. त्यामुळे दहाव्या घराकडून पहिल्या घरापेक्षा कमी नवी माहिती मिळते. याची भरपाई एका गुणकाने करतात, त्याला आराखडा परिणाम म्हणतात. गल्लीतील घरांमधील साम्य ०.०५ या सहसंबंधाइतके असेल, तर गुणक १ + (१० − १) × ०.०५ म्हणजे १.४५ येतो आणि १०६७.११ चे १५४८ होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण पाहणीची जुनी पद्धत याच हिशोबावर उभी होती. ९५ टक्के पातळीला १० टक्केबिंदूंची मर्यादा हवी, तर साध्या निवडीने ९६.०४ मुले लागतात. समूहांसाठी गुणक २ धरला की १९३ होतात. म्हणून ३० समूह आणि प्रत्येकात ७ मुले, अशा २१० मुलांचा नमुना ठरला. अनेक देशांतील लसीकरणाचे प्रमाण अनेक वर्षे याच ‘तीस गुणिले सात’ पद्धतीने मोजले गेले.

तिसरी गोष्ट कुलूपबंद दारांची. दर पाच घरांपैकी चारच घरांतून उत्तर मिळेल असा अनुभव असेल, तर १५४८ ला ०.८ ने भागून १९३५ घरांची यादी करावी लागते. मात्र याने संख्या भरून निघते, उणीव भरून निघत नाही. दिवसा बंद असलेली घरे बहुधा नोकरदारांची असतात आणि त्यांची सवय उघड्या घरांसारखीच असेल असे नाही. म्हणून कुलूपबंद घर सोडून शेजारच्या घरात जाण्यापेक्षा त्याच घरी संध्याकाळी पुन्हा जाणे योग्य ठरते.

मर्यादेत न मावणारी चूक

चुकीची मर्यादा फक्त योगायोगाच्या चढउताराचे माप देते. मोजण्याची रीतच एका बाजूला झुकलेली असेल, तर नमुना कितीही वाढवला तरी ती चूक कमी होत नाही. भारतात याचा धडा पीककापणीच्या पाहण्यांनी दिला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुन्यांवर पिकांच्या उत्पादनाचे अंदाज काढण्याची पद्धत बसवली. शेतातील अगदी लहान तुकडा कापून उत्पादन काढले, तर ते खऱ्यापेक्षा जास्त येते, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले. तुकड्याच्या कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा कल ती आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी, आणि तितकी चूकही मोठी. अशा लहान तुकड्यांची संख्या वाढवली, तर चढउतार कमी होतो, पण उत्तर त्याच फुगलेल्या आकड्यावर स्थिरावते. तुकड्याचा आकार वाढवल्यावरच ही चूक आटोक्यात येते.

कचऱ्याच्या पाहणीतही असेच घडते. ‘तुम्ही कचरा वेगळा करता का?’ असे नगरपालिकेच्या माणसाने दारात उभे राहून विचारले, तर ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या प्रत्यक्ष वेगळा करणाऱ्यांपेक्षा जास्त असू शकते. सकाळी घंटागाडीजवळ उभे राहून डबे पाहिले, तर वेगळा आकडा मिळू शकतो. दोन्ही पद्धती थोड्याच घरांवर आधी वापरून पाहिल्या, की अंतर किती आहे ते कळते. हे अंतर १० टक्केबिंदूंचे असेल, तर ३ टक्केबिंदूंची मर्यादा गाठण्याला काही अर्थ उरत नाही.

पाहणी संपल्यावर मर्यादा पुन्हा काढावी लागते, कारण आता p माहीत झालेला असतो. साध्या यादृच्छिक निवडीने घेतलेल्या १०६८ घरांपैकी ३१ टक्के घरे कचरा वेगळा करताना आढळली, तर मर्यादा सुमारे २.८ टक्केबिंदू येते, म्हणजे ठरवलेल्या ३ च्या आत. अहवालात ‘शहरातील ३१ टक्के घरे’ इतकेच लिहिणे अपुरे आहे. ‘१०६८ घरांच्या यादृच्छिक नमुन्यावरून हे प्रमाण ३१ टक्के, ९५ टक्के विश्वासपातळीला सुमारे २८ ते ३४ टक्क्यांच्या दरम्यान, निरीक्षण घंटागाडीजवळ केले’ असे लिहिले, म्हणजे आकड्यावर किती विसंबायचे ते वाचणाऱ्याला ठरवता येते.